‘यंदा तरी उरकून टाका’ म्हणणाऱ्या घराशी बोलताना

कार्तिकात तुळशीची लग्नं लागतात, चातुर्मासात अडलेले मुहूर्त मोकळे होतात आणि ज्या घरात तिशीकडे झुकलेली मुलगी किंवा मुलगा आहे तिथले फोन वाजू लागतात. ‘आमच्या ओळखीत एक चांगलं स्थळ आहे.’ ‘बायोडाटा तर पाठवून ठेवा, पाठवायला काय जातं!’ ‘यंदा गुरुबळ आहे, यंदा तरी उरकून टाका.’ मुलगी पुण्यात नाहीतर ठाण्यात नोकरीला असते. आईचा फोन रात्री येतो. जेवलीस का, खोकला कमी झाला का, आणि मग जरा थांबून तोच प्रश्न. दोन मिनिटांत आवाज चढतात, फोन ठेवला जातो आणि दोघीही रात्रभर तळमळतात. दुसऱ्या दिवशी त्याविषयी कुणीच बोलत नाही. पुढच्या रविवारी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे भांडण वर्षानुवर्षं एकाच जागी फिरत राहतं. त्याचं कारण, माझ्या मते, असं की दोन्ही बाजू खरं ते बोलतच नाहीत. आईबाप वयाबद्दल बोलतात, पण त्यांच्या मनात भीती वेगळीच असते. मुलं नोकरीचं, परीक्षेचं, प्रमोशनचं कारण पुढे करतात, आणि मनातलं उत्तर त्याहून निराळं असतं.

आधी त्या वयाच्या रेषेविषयी थोडं. कुठल्या घरात ती पंचविशीवर असते, कुठे अठ्ठाविसावर, मुलग्यांसाठी तीस-बत्तीसवर. घरातल्यांना ती अनादि काळापासून चालत आलेली वाटते. प्रत्यक्षात ती आपल्या डोळ्यांदेखत सरकत आली आहे. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. त्यांनी नांदायला जायला नकार दिला म्हणून त्यांच्यावर १८८४ साली दावा लागला. १८८७ मध्ये कोर्टानं त्यांना सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी पैसे देऊन तो वाद मिटला, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत, राजकोटला आयुष्यभर काम केलं. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा ही किमान मर्यादा घातली, १९७८ मध्ये ती अठरा आणि एकवीस झाली. कायदा लग्नाचं किमान वय सांगतो. कमाल वय कुठलाच कायदा सांगत नाही. ते घर ठरवतं, भावकी ठरवते, सोसायटीतल्या बायका ठरवतात. आजीच्या लग्नाचं वय आईला लहान वाटतं आणि आईचं वय मुलीला. एवढं लक्षात ठेवलं तरी ‘वय निघून चाललं’ या वाक्यातला धाक थोडा उतरतो.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर जाऊ. समजा, नाशिकचं एक घर आहे. मुलगी एकोणतीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते. वडील राज्य सरकारच्या नोकरीत, येत्या वर्षी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार. धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा, त्याचं कॉलेजातल्या मैत्रिणीशी ठरल्यासारखंच आहे. आजी चौऱ्याऐंशीची. मुलीसाठी आजवर तीन ठिकाणी बघण्याचे कार्यक्रम झाले. एका ठिकाणी मुलाकडच्यांनी पगार कमी म्हणून नाही म्हटलं, एका ठिकाणी पत्रिका आडवी आली, तिसऱ्या ठिकाणी तिनंच नकार दिला. त्यानंतर तिनं स्थळं बघणं थांबवलंय. विचारलं की म्हणते, ‘बघू गं नंतर.’

या घरात ‘लग्न कधी’ हा प्रश्न चार माणसं विचारतात आणि चौघांचे प्रश्न चार आहेत. वडिलांना निवृत्तीआधी कार्य उरकायचंय, कारण त्यानंतर हातात येणारा पैसा एकदाच येणार आणि त्यातून घराचं उरलेलं कर्जही फेडायचंय. आईला वाटतं, आम्ही गेल्यावर हिचं कोण? आजारी पडली तर पाणी कोण देणार? शिवाय आईला दर हळदीकुंकवाला चार बायका विचारतात आणि तिला त्यांच्यासमोर उत्तर सुचत नाही. भावाचं अडलंय, कारण मोठीचं झाल्याशिवाय धाकट्याचं करायचं नाही असा घरात शिरस्ता आहे. आजीला नातजावई डोळ्यांनी बघायचाय. यातला एकही प्रश्न खोटा नाही. मात्र ‘मला अजून तयार व्हायचंय’ हे एकच उत्तर चौघांना दिलं तर ते एकालाही लागू पडत नाही. म्हणूनच ते दर रविवारी नव्यानं मागितलं जातं.

म्हणून पहिलं काम बोलण्याचं नाही, ओळखण्याचं आहे. कोणाची भीती कुठली, हे मुलीनं एकदा कागदावर लिहून काढावं. बापाची पैशाची, आईची म्हातारपणाची आणि लोकांची, भावाची वेळेची. लिहिलं की दिसतं, यातल्या काही भीतींना लग्नाखेरीजही उत्तर आहे. भावाचं लग्न आधी करा, माझी हरकत नाही, हे मुलीनं स्वतः ठामपणे सांगितलं तर घरातली एक गाठ त्याच दिवशी सुटू शकते. कित्येक घरांत ती केवळ यासाठी अडून राहते की मोठीला वाईट वाटेल म्हणून कुणी विषयच काढत नाही. वडिलांना खर्चाची चिंता असेल तर ‘माझ्या लग्नाचा खर्च माझा, आणि तो नोंदणी पद्धतीनं झाला तरी मला चालेल’ हे वाक्य त्यांना पुष्कळ हलकं करेल.

दुसरं काम स्वतःचं उत्तर ओळखण्याचं. ‘बघू’ या उत्तरामागे चार निरनिराळी उत्तरं दडलेली असतात. आत्ता नाही. या पद्धतीनं नाही. या माणसाशी नाही. किंवा, मला लग्नच करायचं नाही. आपलं उत्तर यापैकी कुठलं, हे अनेकांनी स्वतःलाही कधी स्पष्टपणे सांगितलेलं नसतं. मग नोकरीचं कारण पुढे केलं जातं. त्यात धोका असा की प्रत्येक कारणाला एक तारीख असते. ‘प्रमोशन होऊ दे’ म्हटलं की प्रमोशन होतं, ‘परीक्षा होऊ दे’ म्हटलं की निकाल लागतो, आणि आईच्या दृष्टीनं तुम्ही होकार दिलेलाच असतो. त्यानंतर नाही म्हटलं की तुम्ही शब्द फिरवलात असं तिला वाटतं, आणि तिच्या बाजूनं बघितलं तर तिचं काही चुकत नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला लग्न करायचंय. तिला पोहे-चहाचे कार्यक्रम नकोत, आणि आपली माहिती अनोळखी घरांत फिरलेली नको. म्हणजे तिचं उत्तर ‘या पद्धतीनं नाही’ हे आहे. दोन वर्षं ती ‘आत्ता नाही’ असं सांगत राहिली, इथेच घोळ झाला.

आता बोलण्याआधीची मनाची तयारी. शांत राहा असं सांगणं सोपं असतं, पण आईनं तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर डोकं का तापतं, हे समजल्याशिवाय ते जमत नाही. यासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटते ती अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती. महाराष्ट्रात ती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीतून समजावून सांगितली, म्हणून अनेक वाचकांना ती परिचयाची असेल. तिचा गाभा असा: एखादी घटना आपल्याला सरळ भावनेकडे नेत नाही. मधे आपण त्या घटनेविषयी काहीतरी मानतो, आणि भावना त्या मानण्यातून उपजते. त्यातही त्रास देतं ते विशिष्ट प्रकारचं मानणं. आपली इच्छा असते तिथे थांबण्याऐवजी आपण तिचा हट्ट करतो.

आईनं विचारलं, ही घटना. मुलगी मनात म्हणते, ‘आईनं मला हे विचारताच कामा नये. मी एवढी शिकले, कमावते, तरी ती मला समजून घेत नाही म्हणजे हद्द झाली.’ यातून संताप येतो आणि संतापातून ती असं काही बोलून जाते की मूळ विषय बाजूला राहतो. तीच मुलगी मनात असंही म्हणू शकते: ‘आईनं हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं. पण तिनं विचारू नये असा जगात नियम नाही. ती ज्या घरात वाढली तिथे हाच प्रश्न मायेचा मानला जातो. मला हे आवडत नाही, पण मी ते सोसू शकते.’ एवढ्यानं वैताग नाहीसा होत नाही, आणि तो व्हावा अशी अपेक्षाही नाही. संतापाचा वैताग होतो, इतकंच. वैतागलेला माणूस नीट वाक्य बोलू शकतो, संतापलेला बोलू शकत नाही.

हीच गोष्ट अपराधीपणाची. ‘माझ्यामुळे आईचं बीपी वाढतं, मी वाईट मुलगी आहे’ या विचारानं किती जणींनी नको तिथे होकार दिला असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. इथे एलिसनं केलेला फरक फार मोलाचा आहे. आईला दुःख होतंय याचं मला वाईट वाटतं, ही निकोप भावना. आईला दुःख होतंय म्हणून मी वाईट आहे, हा चुकीचा निष्कर्ष. पहिली भावना बाळगून तुम्ही आईजवळ बसू शकता, तिचा हात हातात घेऊ शकता आणि तरीही आपल्या म्हणण्यावर राहू शकता. दुसऱ्या भावनेत दोनच वाटा उरतात, शरण जाणं किंवा तोडून टाकणं. वेळ काढून ही दोन्ही वाक्यं वहीत शेजारी-शेजारी लिहा आणि आपण रोज त्यातलं कुठलं म्हणतो ते तपासा. एका दिवसात हे बदलत नाही, महिनाभर तरी नेटानं करावं लागतं.

मग बोलणं. ते एकदाच, ठरवून आणि समोरासमोर व्हावं. रात्रीच्या फोनवर नको, जेवताना नको, पाहुणे असताना तर मुळीच नको. दिवाळीला घरी जाणार असाल तर भाऊबीज उरकून पाहुणे गेल्यावरची दुपार बरी. आधी सांगून ठेवा: ‘बाबा, लग्नाविषयी मला तुमच्या दोघांशी बोलायचंय, उद्या दुपारी बसू या का?’ मुलीनं हा विषय स्वतःहून काढावा, यानंच घरातला अर्धा ताण उतरतो. एरवी तो नेहमी आईबापांनाच काढावा लागतो, तोही चाचरत.

सुरुवात आपल्या बाजूनं करू नये, त्यांच्या भीतीपासून करावी. नाशिकच्या घरातलं बोलणं साधारण असं होऊ शकेल.

‘आई, माझं कसं होणार या काळजीनं तुला झोप लागत नाही, हे मला कळतं. बाबा, निवृत्तीच्या आधी हे व्हावं असं तुम्हाला का वाटतं तेही माझ्या लक्षात आलंय.’

‘कळतं तर मग कर की लग्न,’ आई लगेच म्हणेल. इथे थांबायचं, रागवायचं नाही, आणि एका वाक्यात आपलं उत्तर सांगायचं.

‘मला लग्न करायचंय. बघण्याच्या कार्यक्रमांतून मात्र नाही. मागच्या तिन्ही वेळा मला फार कमीपणा वाटला, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.’

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आईबापांना अनेकदा माहीतच नसतं की पगार कमी म्हणून आलेला नकार मुलीच्या मनात किती खोल गेलाय. त्यांच्या लेखी ते एक स्थळ जमलं नाही, एवढंच. बाबा कदाचित गप्प होतील. आई कदाचित म्हणेल, ‘अगं, आमच्या वेळी सात-सात ठिकाणी बघायला यायचे.’ त्यावर वाद घालू नये. ‘हो, तुला ते कसं वाटायचं?’ असं विचारावं आणि खरंच ऐकावं. या प्रश्नाचं उत्तर देताना अनेक आया पहिल्यांदाच स्वतःच्या लग्नाविषयी मोकळेपणानं बोलतात.

त्यानंतर मुलीनं ठोस सांगावं, गोल नको. ‘मी स्वतः विवाह संकेतस्थळावर नाव घालते, खातं माझ्या हातात राहील. तुमच्या ओळखीतलं स्थळ आलं तर आधी मला सांगा. मुलाशी मी बाहेर एक-दोनदा भेटेन, जमेलसं वाटलं तरच दोन्ही घरं भेटतील. मला न विचारता बायोडाटा कुठल्या मंडळाला किंवा ग्रुपवर पाठवायचा नाही. आणि दर रविवारी हा विषय नको. पुढच्या गुढीपाडव्याला आपण पुन्हा बसू, तेव्हा काय झालं ते मी सगळं सांगेन.’

शेवटची तारीख द्यायला अनेक मुलं घाबरतात, कारण ती लग्नाची तारीख मानली जाईल असं त्यांना वाटतं. म्हणून ती बोलण्याची तारीख आहे, होकाराची नाही, हे तिथेच स्पष्ट करावं. पण तारीख द्यावी जरूर. आईबाप दर आठवड्याला विचारतात कारण पुन्हा विचारायची संधी कधी मिळेल हे त्यांना ठाऊक नसतं. ते ठाऊक झालं की थांबणं त्यांना जमतं. आणि पाडव्याला मुलीनं स्वतःहून विषय काढला पाहिजे. तिनं टाळाटाळ केली तर पुढची कुठलीही सवलत मिळणार नाही, आणि मिळू नये.

हे पहिल्या खेपेला सुरळीत होईल असं समजू नका. आई रडेल. बाबा उठून बाहेर जातील. ‘तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं’ हे वाक्य येईल. त्याला उत्तर नसतं आणि देऊही नये. ‘खूप केलंत, मला त्याची जाणीव आहे’ म्हणावं आणि आपलं म्हणणं बदलू नये. महिन्याभरात आई एखादा बायोडाटा गुपचूप पाठवेल. तेव्हा महाभारत घडवण्याची गरज नाही, पण सोडूनही देऊ नये. ‘आई, आपलं ठरलं होतं. त्या लोकांना तूच कळव की मुलीला विचारलं नव्हतं.’ ज्यानं पाठवलं त्यानंच निस्तरावं, एवढं एकदा झालं की दुसऱ्यांदा सहसा होत नाही. बोलणं कामी आलं की नाही याची खूण अशी: विषय बंद होत नाही, पण आईच्या प्रश्नाची भाषा बदलते. ‘कधी करणार’ ऐवजी ‘कुणाला भेटलीस का’ असं ती विचारू लागते.

नातेवाइकांशी मात्र हे सगळं करायचं नाही. मावशी, आत्या, शेजारच्या काकू यांना आपल्या आयुष्याचा हिशेब देणं लागत नाही, आणि कारणं सांगितली की त्यावर सल्ले येतात. एक छोटं, गोड आणि खरं वाक्य ठरवावं आणि प्रत्येक वेळी तेच म्हणावं. ‘ठरलं की तुम्हाला नक्की कळवेन, आत्या. तुमचा गुडघा कसा आहे आता?’ आत्यानं पुन्हा विचारलं तरी तेच वाक्य, त्याच आवाजात. मॅन्युएल स्मिथ या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये ठामपणावर लिहिलेल्या पुस्तकात हेच तंत्र सांगितलं आहे: नवी सबब शोधायची नाही, तेच शांतपणे म्हणत राहायचं. नवं उत्तर दिलं की समोरच्याला नवा धागा मिळतो.

खरं तर आत्याबाईंना उत्तर देणं हे आईबापांचं काम आहे. आईला हळदीकुंकवात उत्तर सुचत नाही ही तिची खरी अडचण असते, म्हणून तिलाही एक वाक्य द्यावं: ‘तिचं ती बघतेय, आमचा तिच्यावर विश्वास आहे.’ हे वाक्य आईनं चार बायकांत एकदा उच्चारलं की तिची स्वतःची भीतीही कमी होते, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

एक भीती मात्र गोड वाक्यानं टाळू नये. ‘मुलं व्हायचं वय निघून जाईल’ असं आई म्हणते तेव्हा ती पूर्ण चुकीचं बोलत नाही. बाईची गर्भधारणेची क्षमता साधारण बत्तिशीनंतर हळूहळू आणि सदतिशीनंतर झपाट्यानं उतरते. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल होण्याची शक्यता आईच्या पंचविशीत साधारण साडेबाराशेत एक असते, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक. म्हणजे तिशी ओलांडली की सगळं संपलं, हेही खरं नाही आणि वयाचा काहीच संबंध नाही, हेही खरं नाही. पुरुषाचं वयही मोजावं लागतं, चाळिशीनंतर त्याच्याही बीजावर परिणाम होतो, पण ते कुणी त्याच्या आईला ऐकवत नाही. ज्यांना मूल हवं आहे त्यांनी हा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारावा. एएमएच नावाची रक्ततपासणी अंडाशयातला साठा किती याचा अंदाज देते, नैसर्गिकपणे दिवस राहतील की नाही हे ती सांगू शकत नाही, एवढं तपासणी करण्याआधी माहीत असावं. स्त्रीबीज गोठवून ठेवता येतं, पण ते खर्चीक आहे आणि मुलाची हमी त्यात नाही. हे सगळं आईला समजावून सांगा, वाटल्यास तिला डॉक्टरांकडे बरोबर न्या. मुलीनं आपल्या भीतीचा नीट विचार केलाय, हे कळल्यावर आई पुष्कळ शांत होते.

मुलग्यांवरचा दाब निराळा. ‘तुझा पगार किती, फ्लॅट झाला का’ यात तो लपलेला असतो, आणि गावाकडे शेती करणाऱ्या मुलांना तर हवं असूनही मुली मिळत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तो याच दुखण्यातून. अशा मुलाला ‘अजून कसं जमलं नाही’ असं विचारणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

आणि ज्यांचं उत्तर ‘मला लग्नच करायचं नाही’ असं आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरचे थकावेत म्हणून शेवटी होकार देऊ नका. जो मुलगा समलिंगी आहे आणि आईच्या अश्रूंपुढे नमून मुलीशी लग्न करतो, तो आईचं दुःख नाहीसं करत नाही. ज्या मुलीला यातलं काहीच माहीत नाही, तिच्या पदरात तो ते टाकतो. घरी खरं कारण सांगणं सुरक्षित नसेल तर सांगू नका, ते तुमचं गुपित आहे. पण ‘मी लग्न करणार नाही’ हे मात्र तारीख न देता, सबब न देता, पुन:पुन्हा तसंच सांगा. हे उत्तर पचायला घराला वर्षं लागतात. तोवर पैशानं आणि राहण्याच्या जागेनं स्वतंत्र असणं फार उपयोगी पडतं.

आता शेवटचं. वर सांगितलेलं शांत बोलणं जिथे माया आहे आणि काळजी आहे, तिथलं आहे. जिथे मोबाइल काढून घेतला जातो, नोकरी सोडायला लावली जाते, घराबाहेर पडू दिलं जात नाही, मारहाण होते किंवा ‘जीव देऊ’ अशी धमकी देऊन साखरपुडा लावला जातो, तिथे तो दाब राहिलेला नसतो, ती बळजबरी असते. तिथे कुणाला समजावत बसू नये. हिंदू विवाह कायद्यानुसार बळजबरीनं किंवा फसवून घेतलेल्या संमतीवरचं लग्न कोर्टाकडून रद्द करून घेता येतं, मात्र बळजबरी संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर स्वखुशीनं संसार केलेला नसावा लागतो. ही एक वर्षाची अट अनेकींना माहीत नसते आणि सासरी ‘होईल सवय’ ऐकण्यात ती मुदत निघून जाते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या तक्रारीच्या नमुन्यात, इच्छा नसताना लग्नाची सक्ती करणं आणि आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करण्यापासून अडवणं या दोन्ही गोष्टी मानसिक छळ म्हणून स्पष्ट लिहिलेल्या आहेत. म्हणजे सासरच्याच नव्हे, माहेरच्या माणसांविरुद्धही या कायद्याचा आधार मुलीला मिळू शकतो. जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे ती तक्रार करता येते.

महिलांसाठीचा मदत क्रमांक १८१ आहे, तातडीच्या वेळी ११२, आणि मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर १०९८. तुमच्या नात्यात किंवा शेजारात अशी एखादी मुलगी असेल, तर लग्नपत्रिका छापून येण्याची वाट बघू नका. हे क्रमांक तिच्या हातात आजच द्या.